दिवसा उजेडाच्या हॉलमध्ये टीव्हीचा पिक्चर मोड कुठला ठेवायचा? सिनेमा, स्टँडर्ड की व्हिव्हिड?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या घरात गेले काही दिवस एकाच गोष्टीवरून वाद चाललाय, म्हणून हा धागा काढते आहे.

नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलला पूर्वेची बाल्कनी, तिला मोठं सरकतं काचेचं दार, आणि टीव्ही बरोब्बर त्या दारासमोरच्या भिंतीवर. दुसरी भिंत मोकळी नाही, त्यामुळे जागा बदलणं शक्य नाही. टीव्ही 55 इंची साधा एलईडी 4के आहे, ओएलईडी वगैरे नाही. सासरे सकाळी दहापासून क्रिकेट लावतात, दुपारी सासूबाईंच्या मालिका, आणि रात्री मुलगा ॲपवर सिनेमे बघतो.

बसवायला आलेल्या माणसाने व्हिव्हिड मोड लावून दिला होता आणि आम्ही तसाच वापरला. आता मुलगा म्हणतो की व्हिव्हिड म्हणजे शुद्ध अत्याचार आहे, सिनेमा मोडच बरोबर. तो लावला की दिवसा चित्र पिवळट आणि मरगळलेलं दिसतं, सासरे पाच मिनिटांत वैतागतात. व्हिव्हिडला मैदान पोपटी दिसतं आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावर काहीतरी जांभळट झाक येते. स्टँडर्ड दोन्हीच्या मधला वाटतो, पण त्यातही अंधारातलं दृश्य आलं की काही दिसत नाही.

दाट पडदे ओढायचे नाहीत, हे आधीच सांगते. सासऱ्यांना उजेड लागतो, आणि दिवसाढवळ्या घर अंधारं करून बसणं मलाही आवडत नाही. तर अशा खोलीत दिवसा नक्की काय लावावं?

बंड्या_नागपूरकर

यात विचार करण्यासारखं काही नाही. दिवसा व्हिव्हिड, रात्री सिनेमा. व्हिव्हिडमध्ये बॅकलाइट फुल असतो, म्हणून उजेडाच्या खोलीत तोच चालतो. सिनेमा मोड नावाप्रमाणेच अंधाऱ्या खोलीसाठी बनवलेला आहे. आमच्याकडे नागपूरचं ऊन आहे, दुसरा कुठलाही मोड टिकतच नाही.

सुमित्रा_के

सिनेमा मोड आम्हीही लावून पाहिला होता. घुमल्यासारखं वाटतं आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत, पार्श्वसंगीतच मोठं येतं. शेवटी स्टँडर्डवर ठेवला. बातम्यांना तर स्टँडर्डच बरा.

निखिल_पिंपरी

सुमित्राताई, तुम्ही बदललात तो साउंड मोड. सिनेमा नावाचा पर्याय बऱ्याच टीव्हींत आवाजाच्या मेनूतही असतो. इथे चित्राबद्दल चाललंय. संवादांसाठी साउंडमध्ये व्हॉइस किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर ते लावून बघा.

रानजाई, सोपा उपाय सांगतो. स्टँडर्डवर ठेवा आणि ब्राइटनेस वाढवा. अंधारातलं दिसायला लागेल.

दीपस्तंभ

रानजाईताई, मी मुंबईत कलर ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड ठरवण्याच्या स्टुडिओत काम करतो, त्यामुळे हा विषय रोजचाच आहे. उत्तर देण्याआधी एक गोष्ट करून बघा. सकाळी अकराच्या सुमारास टीव्ही बंद करा आणि सासरे बसतात त्याच जागी बसून काळ्या पडद्याकडे बघा. त्यात काय काय दिसतं ते इथे लिहा.

बंद पडद्यात जे दिसतं ते चालू चित्रावरही तितकंच पडलेलं असतं. कुठलाही मोड लावा, ते जात नाही. म्हणून आधी ते किती आहे हे कळायला हवं.

निखिल, ब्राइटनेसबद्दल सांभाळून. त्या नावाखाली वेगवेगळ्या टीव्हींत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. जुन्या मेनूंमध्ये ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी असते. ती वाढवली की पडद्याचा उजेड वाढत नाही, फक्त काळा करडा होतो आणि सगळं चित्र धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हींत आणि सॅमसंगच्या अलीकडच्या मॉडेलांत मात्र ब्राइटनेस म्हणजेच मागच्या दिव्याचा जोर, आणि काळ्याची पातळी वेगळ्या नावाने असते. ताईंच्या मेनूत बॅकलाइट असा वेगळा शब्द असेल तर हलवायचा तो, ब्राइटनेसला हात लावायचा नाही.

कुठला कुठे आहे हे ओळखायची खूण सांगतो. सिनेमाच्या वरखाली काळ्या पट्ट्या असलेलं चित्र थांबवा आणि तो आकडा खालीवर करा. पट्ट्या करड्या व्हायला लागल्या आणि पांढरा तसाच राहिला, तर ती काळ्याची पातळी. पांढरा ठळकपणे उजळला, तर तो दिवा.

रानजाई

आत्ताच बघितलं. वरच्या तिसऱ्या भागात बाल्कनीचं आकाश स्पष्ट दिसतं, खाली रेलिंगचे गज मोजता येतील इतके स्वच्छ, आणि एका कोपऱ्यात तुळशीची कुंडी. बाकी पडद्यावर सगळीकडे एक पांढुरकी झाक आहे. सोफा आणि माणसं पुसट दिसतात.

मेनूत बॅकलाइट वेगळा आहे. सिनेमामध्ये तो 100 पैकी 45 वर होता, स्टँडर्डमध्ये 70 आणि व्हिव्हिडमध्ये 100.

दीपस्तंभ

तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांत निम्मं उत्तर आहे. बंड्याभाऊ म्हणतात ते अर्धं खरं आहे. व्हिव्हिड उजळ दिसतो याचं मोठं कारण त्याचा बॅकलाइट 100 वर असतो हेच. पण दिवा तिन्ही मोडना एकच आहे. सिनेमाला कंपनीने तो 45 वर ठेवून पाठवला, कारण रात्री बघणारा माणूस धरलेला आहे. तुम्ही सिनेमामध्ये तो 100 वर नेलात तर जवळजवळ तेवढाच उजेड मिळतो, आणि व्हिव्हिडने चित्रात केलेले बाकीचे उद्योग टळतात.

जवळजवळ म्हणालो, कारण थोडा फरक राहतो. एलईडी पॅनेलचा मूळ पांढरा निळसर असतो. व्हिव्हिड तो तसाच सोडतो, किंबहुना आणखी निळा करतो. सिनेमा मोड निळा कमी करून तो 6500 केल्विनच्या आसपास आणतो, कारण टीव्हीवरचे जवळपास सगळे कार्यक्रम आणि सिनेमे तेवढा पांढरा धरूनच बनवतात. निळा कापताना थोडा उजेड जातो. पण तुमच्या खोलीत जो मोठा फरक दिसतोय तो 45 आणि 100 चा आहे.

आता हिशोब मांडून दाखवतो. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या टीव्हीचे मोजलेले नाहीत. तुमच्या पडद्यावर ती जी पांढुरकी झाक आहे ती 4 निट धरू, निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. म्हणजे टीव्हीने कितीही काळा दाखवला तरी डोळ्यांना 4 च्या खाली काही मिळणार नाही. मूळच्या सिनेमा सेटिंगमध्ये टीव्हीचा पूर्ण पांढरा 120 निट धरा. रात्रीचं दृश्य आहे, अंधारात उभ्या माणसाचा चेहरा आहे, सिग्नल 20 टक्के. गॅमा म्हणजे मधल्या आणि गडद छटा किती गडद दाखवायच्या ते ठरवणारा आकडा, तो 2.4 असेल तर त्या चेहऱ्याचा उजेड साधारण अडीच निट होतो. वर पडलेली झाक 4 ची. मग चेहरा दिसणार कुठून?

बॅकलाइट वाढवून पांढरा 300 वर नेला की तोच चेहरा सव्वासहा निट होतो. त्यावर गॅमा 2.4 वरून 2.2 केला की पावणेनऊच्या जवळ जातो. अडीचचे पावणेनऊ झाले, आणि रंगांना आपण अजून बोटही लावलेलं नाही.

बंड्या_नागपूरकर

ठीक आहे, पण मग व्हिव्हिडच 300 देत असेल तर तो चेहरा त्यातही दिसेलच की. एवढी खटपट कशाला?

दीपस्तंभ

उजेडाच्या भागात दिसेल. अंधाऱ्या भागात बऱ्याचदा दिसत नाही. बहुतेक व्हिव्हिड मोडमध्ये डायनॅमिक कॉन्ट्रास्ट नावाचं काहीतरी चालू असतं. ते उजळ भाग आणखी उजळ करतं आणि गडद भाग आणखी खाली दाबतं. दुकानात सगळे टीव्ही शेजारीशेजारी लावलेले असतात, तिथे असं चित्र पटकन डोळ्यांत भरतं. उन्हाच्या हॉलमध्ये मात्र झाकेखाली आधी बुडतो तो गडद भागच, आणि त्यालाच हे खाली ढकलतं. म्हणून तुम्हाला व्हिव्हिडमध्ये मैदान लखलखीत दिसत असेल, आणि त्याच मोडमध्ये मालिकेतला रात्रीचा प्रसंग आला की नुसते आवाज ऐकू येत असतील.

वरच्या टोकालाही तेच. कसोटी सामना लागलेला असताना गोलंदाजाच्या पांढऱ्या पँटकडे बघा. कापडाच्या चुण्या, गुडघ्यापाशी पडणारी सावली, चेंडू घासल्याचा लालसर डाग दिसायला हवा. व्हिव्हिडमध्ये ती पँट कोऱ्या कागदासारखी सपाट होते. कॉन्ट्रास्ट हळूहळू कमी करत न्या, चुण्या परत दिसू लागतात तिथे थांबा.

तात्या_सांगली

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. बॅकलाइट शंभरावर दिवसभर चालला तर वीजबिल किती वाढेल, आणि दिवे लवकर जाणार नाहीत का? आमच्या घरी पण टीव्ही सकाळपासून चालू असतो.

निखिल_पिंपरी

तात्या, फरक 50 वॉटचा धरला, तरी रोज सहा तासांना 0.3 युनिट, महिन्याला 9 युनिट. तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा. एसीपुढे काहीच नाही.

दीपस्तंभ

निखिलचा हिशोब पटण्यासारखा आहे. दिव्यांचं म्हणाल तर पूर्ण जोरावर चालणारे एलईडी जास्त तापतात आणि लवकर म्हातारे होतात, हे खरं आहे. म्हणून संध्याकाळी तो परत खाली आणावा. दिवसभर शंभर आणि रात्रीही शंभर, असं करू नये. डोळ्यांनाही रात्री तो त्रासच होतो.

तात्या, तुमच्या मेनूत ऊर्जाबचत आणि लाइट सेन्सर ही दोन्ही कुठे आहेत ते बघून ठेवा. बरेच टीव्ही कारखान्यातून ऊर्जाबचत चालू ठेवूनच येतात. आपण बॅकलाइट शंभर करतो आणि तरी चित्र मंदच राहतं, याचं नेहमीचं कारण हेच. ती बंद केल्याशिवाय बॅकलाइटचा आकडा नुसता शोभेचा.

डॅलसकर

माझा अनुभव लिहितो. माझ्याकडे ओएलईडी आहे आणि दिवाणखान्यात दोन बाजूंनी खिडक्या. सिनेमा मोडमध्ये पिक्सेलचा उजेड पूर्ण केला, गॅमा 2.2 केला, रात्रीचे सिनेमे तर अप्रतिम. पण दिवसा क्रिकेट लावलं की हिरवं मैदान पूर्ण पडदा भरतं आणि चित्र मंदावतं. मोड बदलून फारसा फरक पडत नाही. हा बिघाड आहे का?

दीपस्तंभ

बिघाड नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, आणि पडद्याचा मोठा भाग एकदम उजळायचा झाला की टीव्ही एकूण वीज आवरती घेतो. छोट्या दिव्याच्या किंवा चांदण्याच्या दृश्यात तो झळाळतो, भरलेल्या मैदानावर मंदावतो. ते मेनूतून जात नाही. तुम्ही दिवसभर एकाच वाहिनीचा धावफलक लावून व्हिव्हिडवर ठेवत असाल तर मात्र तो मोह सोडा, स्थिर पट्टीचा ठसा राहण्याचा धोका पूर्ण जोरावर जास्त असतो. रानजाईताईंच्या एलईडीला ही काळजी नाही. दिवसाच्या क्रिकेटला त्यांचा साधा पॅनेल कदाचित तुमच्यापेक्षा सरस ठरेल.

रानजाई

सिनेमा मोडला बॅकलाइट 100, गॅमा 2.2 आणि ऊर्जाबचत बंद केली. खरंच खूप फरक पडला, अंधारातलं दिसतंय. पण पिवळेपणा आहेच. सासरे म्हणतात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते. मुलगा म्हणतो डोळ्यांना सवय होईल. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, त्यांना पहिल्यांदाच साड्या नीट दिसल्या. व्हिव्हिडमध्ये राणी रंगाच्या पैठणीचा पदर म्हणजे एक सपाट गुलाबी ठोकळा दिसायचा, आता त्यातले मोर आणि जरीचे धागे वेगळे ओळखू येतात.

दीपस्तंभ

सासूबाईंची नजर पक्की आहे. राणी, लाल, केशरी हे रंग मुळातच तीव्र असतात. व्हिव्हिड त्यांना आणखी ताणतो, मग पदरातल्या गडद आणि फिक्या छटा एकाच कमाल पातळीला जाऊन आपटतात आणि नक्षी पुसली जाते. स्टुडिओत आम्ही रंग जास्त झाला का ते अशाच कापडावर तपासतो.

पिवळेपणाचं सांगतो. तुमचे डोळे इतके दिवस निळसर पांढऱ्याला पांढरा समजत होते, त्यामुळे खरा पांढरा पिवळा वाटतोय. मुलगा म्हणतो तशी सवय होते, पण एका अटीवर. मधूनमधून व्हिव्हिडवर जाऊन तुलना करायची नाही. दर तासाला मोड बदलला तर डोळे स्थिरावणार कसे?

तपासायला एक सोपा मार्ग आहे. दिवसा बाल्कनीतल्या उजेडात एक पांढरा कागद टीव्हीशेजारी धरा, ऊन थेट त्याच्यावर पडू देऊ नका. टीव्हीवर धावफलकाची पांढरी अक्षरं असू द्या. सिनेमा मोडमधली अक्षरं कागदाच्या बरीच जवळ जातात, व्हिव्हिडमधली चक्क निळी दिसतात. सासऱ्यांना हे दाखवा.

तरीही त्यांना पटलं नाही तर कलर टेम्परेचर एक पायरी कमी वॉर्म करा. वॉर्म 2 असेल तर वॉर्म 1, किंवा मधला. दिवसाच्या खोलीत तेवढी तडजोड मी स्वतः घरी करू देतो. कूल मात्र नको.

बंड्या_नागपूरकर

रात्री ट्यूबलाइट लावली की?

दीपस्तंभ

चांगला प्रश्न. आपल्याकडे घरोघरी लावतात त्या कूल डेलाइट एलईडी पट्ट्या साधारण 6500 केल्विनच्याच असतात. त्यांच्या उजेडात सिनेमा मोड पिवळा वाटायचं कारण नाही. पिवळे वॉर्म दिवे लावले असतील तर उलट टीव्ही थोडा निळसर वाटेल.

निखिल_पिंपरी

पण दीपस्तंभ, स्टँडर्डला तुम्ही एकदम बाजूला टाकलंत. माझं मत असं की ज्या घरात तीन पिढ्या एकच रिमोट वापरतात तिथे स्टँडर्डच बरा. त्यातच कलर टेम्परेचर वॉर्म करायचं, बॅकलाइट वाढवायचा, शार्पनेस कमी करायचा. म्हणजे सिनेमाच झाला की.

दीपस्तंभ

बराचसा झाला, पूर्ण नाही. स्टँडर्डमध्ये हालचाल गुळगुळीत करणं, चित्रातले बारीक ठिपके पुसणं, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट अशा दहा गोष्टी मागे चालू असतात आणि प्रत्येक शोधून बंद करावी लागते. सिनेमा मोडमध्ये त्यातल्या बहुतेक बंद किंवा कमी असतात. तिथून सुरुवात केली की फक्त बॅकलाइट आणि गॅमा हलवायचा. कष्ट कमी, इतकंच माझं म्हणणं. काही एलजी टीव्हींत तर एक्सपर्ट नावाचे दोन मोड असतात, एक उजेडाच्या खोलीसाठी आणि एक अंधाऱ्या. उजेडाचा निवडला की निम्मं काम झालेलंच असतं.

एक अपवाद मी मानतो. क्रिकेटला हालचाल गुळगुळीत करणं काही लोकांना आवडतं, वेगवान चेंडू डोळ्यांनी धरायला सोपा जातो. सिनेमाला तेच लावलं की पडद्यावरची माणसं मालिकेतल्यासारखी घसरत चालतात. तेव्हा खेळासाठी वेगळा मोड ठेवायला माझी हरकत नाही.

शार्पनेसबद्दल एवढंच की तो डोळे मिटून शून्यावर नेऊ नका. सोनीत तटस्थ जागा 50 आहे, इतर टीव्हींत दुसरीकडे असते. धावफलकाच्या अक्षरांभोवती पांढरी कडा दिसते का बघा. ती जाईपर्यंत कमी करा, पुढे नको.

रानजाई

आता नवीनच अडचण. सेट टॉप बॉक्सवर सगळं छान जमलं. पण मुलाने रविवारी दुपारी ॲपवर सिनेमा लावला तर परत तोच अंधार. मेनूत जाऊन पाहिलं तर तिथे वेगळेच आकडे, आणि बॅकलाइट आधीच 100 वर.

निखिल_पिंपरी

बहुधा सिनेमा एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनमध्ये सुरू झाला. सुरू होताना कोपऱ्यात खूण येते ना, तीच. त्या चित्रासाठी टीव्ही मोडचा वेगळा संच ठेवतो. सेट टॉप बॉक्ससाठी केलेले बदल तिथे लागू होत नाहीत. सिनेमा चालू असतानाच पिक्चर मेनू उघडायचा आणि तिथले बदल वेगळे करायचे. काही टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयसाठीही वेगळं करावं लागतं, सगळ्या इनपुटना लागू करा असा पर्याय शोधा.

दीपस्तंभ

निखिलने बरोबर सांगितलं. पुढचा भाग जरा कठीण आहे. साध्या चित्रात पांढरा किती उजळ ते तुमचा टीव्ही ठरवतो, म्हणून बॅकलाइट वाढवला की सगळंच वर येतं. एचडीआरमध्ये कुठला भाग किती निट हे चित्रातच ठरवून दिलेलं असतं, आणि ते आम्ही अंधाऱ्या खोलीत बसून ठरवतो. बॅकलाइट आधीच पूर्ण असतो, वर जायला जागाच नसते. उन्हाच्या हॉलमध्ये साध्या एलईडीवर एचडीआर सिनेमा हा दिवसाचा सगळ्यात अवघड प्रकार आहे.

डॉल्बी व्हिजन असेल तर तिथे दोन मोड दिसतील, एक डार्क आणि एक ब्राइट. काही ठिकाणी त्यांना सिनेमा आणि सिनेमा होम म्हणतात. दिवसा ब्राइट किंवा होम घ्या. साध्या एचडीआरमध्ये टोन मॅपिंग नावाचा पर्याय असेल तर चालू करा.

डॅलसकर

मी तर दिवसा एचडीआर बघणं सोडूनच दिलं. ॲपमधून शक्य असेल तिथे साधंच चित्र लावतो, जास्त स्पष्ट दिसतं.

दीपस्तंभ

साध्या एलईडीवर दिवसा मीही कदाचित तेच करेन, पण आमच्या स्टुडिओत यावर दोन मतं आहेत. माझे काही सहकारी म्हणतात की ब्राइट मोडमधलं डॉल्बी व्हिजन तरीही वरचढ. टीव्हीगणिक उत्तर बदलतं, तेव्हा ताई, तुमच्याकडे एकच दृश्य दोन्ही प्रकारे लावून सासऱ्यांच्या जागेवरून बघा.

तात्या_सांगली

एक राहिलं. दीपस्तंभ, ते आकाश आणि रेलिंग पडद्यात दिसतं म्हणाल्या त्याचं काय? मोड बदलून ते गेलं का?

रानजाई

नाही तात्या, ते आहेच. रंगीत दृश्यात विसरायला होतं, पण काळोखाच्या दृश्यात आकाशाचा चौकोन तसाच दिसतो.

दीपस्तंभ

तो जाणारही नाही. वर मी 4 निट धरले ते सगळीकडे पसरलेल्या झाकेचे. जिथे आकाशाचं सरळ प्रतिबिंब पडतं तिथे उजेड याच्या कित्येक पट असू शकतो, आणि कुठल्याही मोडला तेवढं ओलांडता येत नाही.

पडदे नकोत म्हणालात, म्हणून दाट पडदा सुचवत नाही. पण बाल्कनीच्या दाराच्या फक्त वरच्या भागावर बांबूचा चिक टाकता येईल का? टीव्हीत आकाश वरच्या तिसऱ्या भागात दिसतं, त्यावरून दाराचा नेमका कुठला भाग प्रतिबिंबात येतो ते काढता येतं. सासऱ्यांच्या जागी कुणीतरी बसा, दुसऱ्याने दाराशी उभं राहून हात वरून खाली आणत जा. बसलेल्याला टीव्हीत हात आकाशावर दिसेल तेवढ्यापुरतंच झाका. बाकी दार उघडं राहिलं तरी खोलीत उजेड भरपूर राहील. टीव्हीचा स्टँड भिंतीवर झुकवता येण्यासारखा असेल तर वरची कड किंचित पुढे घ्या, प्रतिबिंब जमिनीकडे सरकतं. मात्र सकाळी ऊन आत जमिनीवर येत असेल तर जास्त झुकवू नका, नाहीतर आकाशाऐवजी तळपणारी फरशी दिसायला लागेल.

रानजाई

चिकाची कल्पना सासऱ्यांना चालेल, त्यांच्या गावच्या घरी ओसरीला होताच. स्टँड झुकतो का ते मुलाला बघायला सांगते.

तूर्तास असं ठरलंय. दिवसा सिनेमा मोड, बॅकलाइट 100, गॅमा 2.2, कलर टेम्परेचर एक पायरी कमी वॉर्म. दिवे लागणीनंतर बॅकलाइट 40. सासरे क्रिकेटला स्टँडर्डच लावतात, त्यात कलर टेम्परेचर वॉर्म करून दिलंय आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केलाय. मैदान पोपटी राहिलेलं नाही हे त्यांनीच कबूल केलं. सिनेमा मोड त्यांना अजून पिवळाच वाटतो.

बंड्या_नागपूरकर

मी पण आज सिनेमा मोडला बॅकलाइट शंभर करून बघितला. अंधारातला प्रसंग व्हिव्हिडपेक्षा चांगला दिसला, हे मान्य. पण दुपारी दोनला आमच्या हॉलमध्ये रंग फिके वाटतात. कलर पण वाढवू का?

दीपस्तंभ

थोडा वाढवून बघा. पडद्यावर पांढरा उजेड मिसळला की रंग खरोखरच फिके होतात, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. 50 वर असेल तर 55 पर्यंत जा, आणि मग माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. गाल आणि कपाळ एकाच रंगाचे झाले, कान लाल दिसायला लागले, की जास्त झालं, दोन पावलं मागे या. तुमचा टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे आणि बंद असताना त्यात काय दिसतं, तेही लिहा. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.